वाड्यातलं चालतं पात्र: प्रोब हाताने मांडायचे की आपोआप?

इंदूरच्या राजवाड्याला सात मजले आहेत. त्यातले खालचे तीन दगडी आणि वरचे चार लाकडी. आपल्याकडच्या जुन्या वाड्यांतही लहान प्रमाणात हीच रीत दिसते: तळमजल्याच्या भिंती दोन-दोन फुटांच्या आणि माडीवर खोल्या पाडायला नुसत्या फळ्या. गेममध्ये असा वाडा उभा करून त्यात पात्र फिरवायचं असेल, तर जाड भिंत आणि पातळ फळी यांतला हा फरकच, चालत्या पात्राला प्रकाश देणाऱ्या प्रोबची कोणती पद्धत घ्यायची, हे ठरवतो. प्रोब मांडायला किती वेळ लागेल, कोणती पद्धत नवी आहे, हे प्रश्न त्यानंतरचे.

इंदूरच्या रामबागेतली दोन मुलं सध्या असाच एक वाडा बनवत आहेत. युनिटी ६, यूआरपी पाइपलाइन, साध्या अँड्रॉइड फोनवर चालेल असा गेम. वाडा १८ मीटर लांब, १२ मीटर रुंद, दोन मजली. मध्ये उघडा चौक, भोवती ओसरी, मागे माजघर आणि देवघर, भिंतीतून वर जाणारा अरुंद जिना, वर माडी. तळाच्या भिंती ६० सेंटीमीटर जाड, माडीवरच्या फळ्यांच्या भिंती ५ सेंटीमीटर. सगळा प्रकाश बेक केलेला, म्हणजे आधीच मोजून साठवलेला आहे. प्रश्न त्यांच्या पात्राचा, कारण लाइटमॅप फक्त जागच्या जागी उभ्या असलेल्या वस्तूंवर बसतो. चालणाऱ्या पात्राला प्रकाश मिळतो तो हवेत ठेवलेल्या प्रोबकडून. प्रत्येक प्रोब आपल्या जागी कोणत्या दिशेने किती आणि कोणत्या रंगाचा प्रकाश येतो हे बेकच्या वेळी साठवतो, आणि पात्र जवळ आलं की शेजारच्या प्रोबांची सरासरी त्याला लागू होते.

त्यांच्यासमोर दोन पर्याय होते. एक म्हणजे `Light Probe Group`, ज्यात प्रत्येक प्रोबची जागा तुम्ही ठरवता. दुसरा `Adaptive Probe Volumes`, ज्यात तुम्ही एक पेटी आखता आणि आतली ग्रिड युनिटी भरते. पुढे पहिलीला हाताची ग्रिड म्हणतो आणि दुसरीला आपोआप ग्रिड. दोन्ही एकत्र वापरता येत नाहीत. यूआरपीच्या ॲसेटमध्ये `Light Probe System` या ठिकाणी एकच निवडावी लागते, म्हणून तळमजल्याला एक आणि माडीला दुसरी असं करता येत नाही. निवड पूर्ण वाड्यासाठी एकदाच होते.

हाताच्या ग्रिडमध्ये गळती कुठून येते

हाताच्या ग्रिडमध्ये युनिटी सगळे प्रोब जोडून हवेचे चतुष्फलक पाडते, म्हणजे चार-चार प्रोबांचे तुकडे. पात्राच्या रेंडररचा मध्यबिंदू ज्या चतुष्फलकात असेल, त्याच्या चार कोपऱ्यांवरच्या प्रोबांचं मिश्रण पूर्ण पात्राला लागतं. या जोडणीला भिंतीची काहीच माहिती नसते. दोन कोपरे चौकात आणि दोन माजघरात असले, तरी तिच्या दृष्टीने तो एक साधा तुकडाच.

आकडे घालून पाहू. उन्हातल्या चौकातल्या प्रोबची तीव्रता ४ धरा आणि अंधाऱ्या माजघरातल्या प्रोबची ०.२. हे आकडे उदाहरणापुरते आहेत, पण दुपारच्या वाड्यात असा फरक सहज पडतो. भिंतीच्या मध्यरेषेपासून एक प्रोब १ मीटर बाहेर आणि दुसरा १ मीटर आत ठेवला आहे. पात्र माजघरात मध्यरेषेपासून ६० सेंटीमीटरवर उभं राहिलं, तर बाहेरच्या प्रोबचा वाटा एक पंचमांश येतो. चारचा एक पंचमांश म्हणजे ०.८, त्यात ०.२ चे चार पंचमांश म्हणजे ०.१६. पात्राला ०.९६ प्रकाश मिळाला, खोलीत खरा आहे ०.२. जवळजवळ पाचपट. भिंतीपलीकडच्या प्रकाशाची गळती ती हीच: पात्र अंधाऱ्या खोलीत चमकतं आणि भिंतीपासून दूर गेलं की विझतं.

यावर उपाय म्हणून बरेच जण प्रोबची संख्या वाढवतात. त्याने गळती कमी होते, जात नाही. खरा उपाय जागेचा आहे. भिंतीच्या दोन्ही बाजूंना, पृष्ठभागापासून १० सेंटीमीटरवर, समोरासमोर प्रोबांच्या जोड्या ठेवा. ६० सेंटीमीटरच्या भिंतीसाठी हे प्रोब मध्यरेषेपासून ४० सेंटीमीटरवर येतात. आता उजेड आणि अंधार यांचं मिश्रण फक्त या ८० सेंटीमीटरच्या पट्ट्यात होतं. पात्राच्या कॅप्सूलची त्रिज्या ३० सेंटीमीटर असेल, तर त्याचा मध्यबिंदू मध्यरेषेच्या ६० सेंटीमीटरपेक्षा जवळ येऊच शकत नाही. म्हणजे मिश्रणाचा पट्टा आहे, पण तिथे पात्र कधीच पोचत नाही.

हेच गणित माडीवरच्या ५ सेंटीमीटरच्या फळीला लावून पाहा. पृष्ठभागापासून १० सेंटीमीटर म्हणजे मध्यरेषेपासून साडेबारा. पात्राचा मध्यबिंदू साडेबत्तीसपेक्षा जवळ येत नाही. इथेही गळती नाही. हाताच्या ग्रिडची माझ्या मते हीच सर्वांत मोठी ताकद आहे, आणि तिच्याकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही: भिंत कितीही पातळ असली तरी चालते. अट एवढीच, की प्रोब भिंतीपासून पात्राच्या त्रिज्येपेक्षा कमी अंतरावर हवा.

जोड्या समोरासमोर का, तेही सांगतो. चौकाच्या बाजूला दर मीटरला प्रोब आणि माजघराच्या बाजूला दर तीन मीटरला असं केलं, की माजघरातल्या दोन दूरच्या प्रोबांमधली फट भरायला जोडणी चौकातला प्रोब ओढून आणते. तो चतुष्फलक भिंत ओलांडून खोलीच्या आत बराच शिरतो. दोन्ही बाजूंना एकाच ओळीत, एकाच अंतराने प्रोब असले तर असं होत नाही. हीच गोष्ट उभ्या दिशेची. माडीची जमीन म्हणजे माजघराची तक्तपोशी. तिच्या खाली १० सेंटीमीटरवर आणि वर १० सेंटीमीटरवर अशी जोडी हवी, नाहीतर माडीच्या खिडकीतलं ऊन खाली उभ्या पात्राच्या डोक्यावर उतरतं.

दाराच्या उंबऱ्यावर मात्र उलट करायचं. तिथे उजेडाने हळूहळू उतरायलाच हवं, म्हणून उंबऱ्यावर एक ओळ, मग आत १ आणि २ मीटरवर आणखी एकेक. भिंतीतल्या जिन्यात दर दोन पायऱ्यांना गुडघ्याच्या आणि डोक्याच्या उंचीला प्रोब पुरतात. चौकाच्या मध्यभागी, जिथे सगळीकडे सारखाच उजेड आहे, तिथे थोडे प्रोबही चालतात. या हिशोबाने पूर्ण वाड्याला काही शे प्रोब लागतात. एका प्रोबमध्ये २७ आकडे असतात, तीन रंगांसाठी नऊ-नऊ. एकेका आकड्याला चार बाइट धरले तरी तीनशे प्रोब बत्तीस-तेहतीस किलोबाइटच्या आत बसतात. फोनसाठी हे ओझं नाही.

सगळे हाताने टिचकी मारून ठेवायची गरज नाही. जोड्यांची यादी भिंतींच्या मापांवरून छोट्या एडिटर स्क्रिप्टने तयार होते, आणि चुकून भिंतीत किंवा खांबात पडलेले प्रोब असे गाळता येतात:

```csharp
var pts = new List<Vector3>();
foreach (Vector3 p in candidates)
    if (!Physics.CheckSphere(p, 0.08f, wallMask))
        pts.Add(group.transform.InverseTransformPoint(p));
group.probePositions = pts.ToArray();
```

दोन गोष्टी सांभाळा. त्रिज्या १० सेंटीमीटरपेक्षा कमी ठेवा, नाहीतर भिंतीलगतच्या जोड्याच गळून पडतील. आणि भिंतींना, खांबांना बॉक्स किंवा कॅप्सूल कोलायडर द्या. साधा मेश कोलायडर फक्त पृष्ठभाग असतो, आतून पोकळ. दोन फुटांच्या भिंतीच्या पोटात पडलेला प्रोब त्याला लागतच नाही आणि चाळणीतून सुटतो.

आपोआप ग्रिडमध्ये भिंतीची जाडी का नडते

आपोआप ग्रिड विटांची बनलेली असते. एका विटेत चार गुणिले चार गुणिले चार, म्हणजे ६४ प्रोब. `Min Probe Spacing` १ मीटर असेल तर सर्वांत लहान वीट ३ मीटरची, त्यापुढची ९ मीटरची, मग २७. वस्तूंजवळ लहान विटा, मोकळ्या जागेत मोठ्या. यात प्रकाश पूर्ण पात्राला एकच मिळत नाही. प्रत्येक पिक्सेल आपल्याभोवतीच्या आठ प्रोबांकडून स्वतंत्रपणे प्रकाश घेतो. उंबऱ्यावर उभ्या पात्राचा एक खांदा उजळ आणि दुसरा सावलीत दिसतो, आणि तो खरोखर सुंदर दिसतो. हाताच्या ग्रिडमध्ये हे होत नाही.

भिंतीची गळती इथे वैधतेवर थांबते. बेकच्या वेळी प्रत्येक प्रोबमधून किरण सोडले जातात आणि त्यातले किती किरण वस्तूंच्या उलट बाजूला लागतात ते मोजलं जातं. पुष्कळ किरण उलट बाजूला लागले, तर तो प्रोब एखाद्या वस्तूच्या आत आहे असं धरून त्याला अवैध ठरवतात. `Leak Reduction Mode` चालू असेल तर पिक्सेल आपल्या आठांपैकी अवैध प्रोबांना वगळतो.

ही युक्ती जाड भिंतीवर चोख चालते. अंतर ५० सेंटीमीटर ठेवलं आणि भिंत ६० ची असली, तर ग्रिड कशीही बसली तरी प्रोबांचा निदान एक थर भिंतीच्या पोटात पडतोच. तो थर अवैध होतो. माजघरातल्या पिक्सेलच्या आठ प्रोबांपैकी चार भिंतीत आणि चार खोलीत असतात. भिंतीतले वगळले जातात, उरलेले खोलीतलेच असतात. चौकातल्या उन्हाला मधे यायला वाव राहत नाही.

माडीवर येऊ. ५ सेंटीमीटरच्या फळीत प्रोबचा थर सापडणं जवळपास अशक्य. चार प्रोब फळीच्या या बाजूला, चार त्या बाजूला, आठही मोकळ्या हवेत आणि आठही वैध. गळती थांबवणाऱ्या यंत्रणेला वगळण्यासारखं काही दिसतच नाही. दोन्ही खोल्यांत सारखाच उजेड असेल तर फरक पडत नाही. पण एका खोलीला पश्चिमेची खिडकी आहे आणि दुसरी बंद आहे.

त्या मुलांपैकी धाकट्याने मला हेच विचारलं होतं: "दादा, माडीवर पात्र फळीला पाठ टेकून उभं राहिलं की फक्त पाठ उजळते, तोंड बरोबर काळोखात असतं. असं का?" कारण दोन आहेत. पाठीचे पिक्सेल फळीच्या अगदी जवळ आहेत, म्हणून पलीकडच्या चार प्रोबांचा वाटा त्यांना मोठा मिळतो. आणि `Normal Bias` नमुना घ्यायचा बिंदू पृष्ठभागाच्या लंब दिशेने पुढे ढकलतो. जमिनीवर आणि भिंतींवर ते उपयोगी पडतं, कारण बिंदू खोलीच्या आत सरकतो. पण पात्राच्या पाठीचा लंब फळीकडे असतो. बायस ३० सेंटीमीटर ठेवला आणि पाठ फळीपासून १० वर असली, तर बिंदू सरळ पलीकडच्या खोलीत जातो. `Rendering Debugger` मध्ये `Debug Probe Sampling` लावलं की एखादा पिक्सेल कोणत्या प्रोबांकडून प्रकाश घेतो ते दिसतं. त्या मुलांना तिथे फळीपलीकडचे प्रोब दिसले.

मग अंतरच कमी का करू नये? हिशोब करून पाहा. वाड्याची एकूण उंची ६ मीटर धरली तर १ मीटर अंतराने १९ गुणिले १३ गुणिले ७, म्हणजे १,७२९ प्रोब होतात. अर्ध्या मीटरला १२,०२५. पाव मीटरला ८९,४२५. वाड्यात भिंती सगळीकडे असल्याने मोठ्या विटा फारशा पडत नाहीत, म्हणून हे आकडे वस्तुस्थितीच्या बरेच जवळचे आहेत. अंतर निम्मं केलं की संख्या सात-आठपट होते, आणि पाव मीटरही ५ सेंटीमीटरच्या फळीपासून लांबच आहे. या वाटेने फळीपर्यंत पोचता येत नाही.

दुसरी सोय `Rendering Layers` ची. खोल्यांच्या वस्तूंना वेगवेगळे थर द्यायचे, मग प्रोबांनाही त्यांच्या आसपासच्या वस्तूंप्रमाणे थर मिळतात आणि वस्तू आपल्याच थराच्या प्रोबांकडून प्रकाश घेते. भिंती, कपाटं, फडताळं यांना हे उत्तम. पात्र मात्र एका खोलीचं नसतं. दारात ट्रिगर ठेवून स्क्रिप्टने त्याचा `renderingLayerMask` बदलता येतो, पण बदलाच्या क्षणी प्रकाश एकदम उडी मारतो. खोल्या दोन-तीनच असतील आणि दारं अंधारी असतील तर ती उडी लपते. सहा खोल्यांच्या माडीत हे सांभाळत बसू नये असं माझं मत.

तिसरा मार्ग फळीच जाड करण्याचा. माडीवरच्या भिंतीत भिंतभर फडताळं बसवली आणि ती ५५-६० सेंटीमीटर खोल भरीव ठेवली, तर अर्ध्या मीटरच्या ग्रिडला तिच्यात थर मिळतो. वाड्याला ते शोभतंही. पण खोलीची रुंदी कमी होते, म्हणून हा निर्णय मॉडेल बनवण्याआधी घ्यावा लागतो.

काळे प्रोब: एकसारखे दिसतात, कारणं वेगळी

काळा प्रोब दिसला की लगेच त्याची तीव्रता वाढवू नका. आधी ती जागा खरोखर अंधारी आहे का ते तपासा. मला सर्वांत भरवशाची वाटणारी चाचणी साधी आहे. मॅट करड्या रंगाचा ३० सेंटीमीटरचा एक गोळा जागेवर स्थिर करून लाइटमॅपवर बेक करा आणि त्याच्या शेजारी तसाच दुसरा गोळा प्रोबवर चालणारा ठेवा. दोन्ही सारखे काळे असतील तर देवघराचा तो कोपरा खरंच काळा आहे, प्रोबचा दोष नाही. दुसराच काळा असेल तर दोष प्रोबचा.

हाताच्या ग्रिडमध्ये बहुतेक वेळा प्रोब खांबाच्या, तुळईच्या किंवा जमिनीच्या आत गेलेला असतो. चारातला एक काळा असला की पात्र त्या कोपऱ्याजवळून जाताना दर वेळी मळतं. लाइटिंग खिडकीत `Light Probe Visualization` मध्ये `Only Probes Used By Selection` निवडा आणि पात्र हलवत न्या. त्या क्षणी वापरात असलेले चार प्रोब दिसतात, आणि उजळ तिघांत एक काळा असेल तर लगेच ओळखू येतो. तो उचलून बाहेर ठेवा, पुन्हा बेक करा.

दुसरा काळेपणा पात्राच्या फक्त एका अंगाला दिसतो. चौकाच्या कडेला, जिथे एका बाजूने फार तीव्र प्रकाश येतो, तिथे पात्राची उलट बाजू खोलीच्या छायेपेक्षाही काळी पडते. प्रोब इथे आत गेलेला नसतो. नऊ आकड्यांत इतकी तीव्र दिशा मावत नाही आणि विरुद्ध बाजूची किंमत शून्याखाली जाते. `Light Probe Group` वर `Remove Ringing` ची खूण केली की हे सावरतं. बदल्यात प्रकाशाची दिशा थोडी मऊ होते, आणि ती किंमत मला मान्य आहे.

आपोआप ग्रिडमध्ये भिंतीतले काळे प्रोब असणारच, ते अपेक्षितच आहेत. त्यांच्यासाठी दोन उपाय आत बांधलेले आहेत. `Virtual Offset` प्रोबला जागेवरच ठेवतो, पण किरण सोडण्याचा बिंदू वस्तूच्या बाहेर सरकवतो. `Dilation` शेजारच्या वैध प्रोबांची किंमत अवैध प्रोबमध्ये भरतो. खांब, तुळई, पायरी यांसाठी दोन्ही चांगले. पातळ भिंतीत मात्र `Virtual Offset` गळती वाढवू शकतो. फळीत नेमका पडलेला प्रोब उन्हाच्या बाजूला ढकलला जातो, तिथला प्रकाश घेतो, वैध ठरतो आणि तो प्रकाश अंधाऱ्या खोलीला देतो. अशा ठिकाणी `Probe Adjustment Volume` ठेवून त्याच पट्ट्यापुरता तो बंद करावा.

मुलांच्या वाड्यात एक वेगळंच कारण सापडलं. माडीचं छप्पर एकाच बाजूचं होतं, नुसतं प्लेन, वरून दिसणारं. खोलीतल्या प्रोबांचे वर जाणारे सगळे किरण त्याच्या उलट बाजूला लागत होते, म्हणून खोलीच्या हवेतले धडधाकट प्रोबही अवैध ठरत होते आणि `Dilation` त्यांच्यात भलतीकडचा प्रकाश भरत होता. छपराला जाडी दिली आणि ते प्रोब वैध झाले. जाडी देणं शक्य नसेल तर त्या मटेरियलवर `Double Sided Global Illumination` लावावं. वैधतेचा नकाशा `Rendering Debugger` मध्ये `Probe Shading Mode` बदलून दिसतो. भिंतीबाहेर अवैध प्रोबांचा पुंजका दिसला, तर आधी मॉडेल तपासा.

आकाराचा प्रश्न, आणि फोनचा

हाताची ग्रिड पूर्ण रेंडररला एकच प्रकाश देते. दीड मीटर उंचीच्या पात्राला ते चालतं. चौकात उभा केलेला टांगा, अर्धा उन्हात अर्धा ओसरीत, त्याला चालत नाही. तो सगळा एकाच उजेडाचा दिसतो. जुन्या पाइपलाइनमध्ये यावर `Light Probe Proxy Volume` होता, यूआरपीत तो नाही. तुमच्या दृश्यात अशा मोठ्या हलत्या वस्तू दोन-चारपेक्षा जास्त असतील, तर आपोआप ग्रिडचं पारडं जड होतं. टांग्याचे तीन भाग करून प्रत्येकाला वेगळा रेंडरर देता येतो, पण मग सांध्यावर उजेडाची रेघ दिसते.

त्याच नियमाचा आणखी एक त्रास आहे. पात्राचं डोकं, अंग आणि पागोटं वेगवेगळे रेंडरर असतील तर प्रत्येकाचा मध्यबिंदू वेगळा, म्हणून प्रकाशही वेगळा, आणि मानेवर जोड दिसतो. सगळ्यांच्या `Anchor Override` मध्ये छातीजवळचं एकच हाड द्या. हे पहिल्या दिवशीच करून टाकावं.

फोनबद्दल थोडक्यात. हाताची ग्रिड एका वस्तूला एकदा मोजते. आपोआप ग्रिड पिक्सेलमागे मोजते आणि प्रोबांची टेक्श्चर्स स्मृतीत ठेवते. `SH Bands` दोनऐवजी एकवर आणले तर २७ ऐवजी १२ आकडे राहतात, दिशेचा नेमकेपणा थोडा जातो. तुमच्या गेमसाठी ठरवलेल्या सर्वांत साध्या फोनवर चौकाकडे तोंड करून फ्रेमचा वेळ मोजा. संगणकावरचा आकडा इथे काही सांगत नाही.

सूर्याचा मोड हा दोन्हीकडचा मोठा निर्णय आहे. सूर्य `Baked` ठेवला तर थेट ऊनही प्रोबमध्ये जातं आणि चौक-माजघर यांतला फरक वरच्या उदाहरणाइतका टोकाचा होतो. `Mixed` ठेवून `Baked Indirect` किंवा `Shadowmask` घेतलं, तर प्रोबांत फक्त परावर्तित प्रकाश राहतो. फरक कमी, म्हणून जी थोडी गळती उरते तीही दिसेनाशी होते. किंमत एकच: रिअलटाइम सावलीचा भार.

मी काय निवडलं असतं

या वाड्यासाठी हाताची ग्रिड. माडीवरच्या फळ्या ५ सेंटीमीटरच्या आहेत, त्यांच्या दोन बाजूंना उजेडाचा फरक मोठा आहे, पात्र फळीला लागून चालतं, मोठ्या हलत्या वस्तू नाहीत आणि फोन साधा आहे. यातली पहिली तीन कारणं एकत्र आली की माझ्या मते वाद उरत नाही. मांडणीला वेळ जास्त जाईल, आणि भिंत हलवली की जोड्याही हलवाव्या लागतील, म्हणून जोड्या स्क्रिप्टनेच पाडाव्यात. सूर्य `Mixed`.

हीच टीम उद्या इंदूरच्या सराफ्यातल्या खाऊगल्लीची रात्र बनवायला घेईल, तर मी आपोआप ग्रिड सांगेन. गाड्या, टेबलं, माणसांची दाटी, मोकळा रस्ता आणि दोन्ही बाजूंना दुकानांच्या जाड भिंती. तिथे हजारो जागांवर हाताने जोड्या पाडण्यात अर्थ नाही, आणि गळती व्हावी अशी पातळ भिंत पात्राच्या वाटेवर फारशी नाही. `Min Probe Spacing` १ मीटरपासून सुरू करावं, दुकानांच्या भिंती निदान तेवढ्या जाड ठेवाव्यात, आणि आतला भाग दिसतच नसेल तर त्या भरीव ठोकळेच करून टाकाव्यात.

मधली स्थिती म्हणजे तळमजलाच खेळात असलेला वाडा, भिंती ६० च्या, माडी नुसती बाहेरून दिसणारी. तिथे दोन्ही चालतात. मी अर्ध्या मीटरची आपोआप ग्रिड घेईन, कारण ओसरीतल्या खांबांमधून जाणाऱ्या पात्रावर उजेड आणि सावली पिक्सेलनुसार सरकताना दिसते. पण ओसरी आणि देवघर यांच्यामधलं एखादं दार फळ्यांचं असेल आणि ते बंद असतानाच बेक होणार असेल, तर त्या दाराच्या दोन्ही बाजूंना आधी करडे गोळे फिरवून पाहावेत आणि मगच ग्रिडचं नक्की करावं.